हरकत घेतल्याने तह आपोआप अडत नाही

“आरक्षणाला हरकत घेतली की त्या दोन देशांत तह लागूच होत नाही. तो लागू व्हायचा तर आरक्षण ठेवणाऱ्याने तहातून बाहेर पडून पुन्हा सामील व्हावे लागते.”

नाशिकच्या गंगापूर रोडवरील अभ्यासिकांतून एलएलबीच्या परीक्षेआधी फिरणाऱ्या टिपणांत या विधानापुढे ‘व्हिएन्ना करार १९६९, कलम २०’ एवढाच आधार दिलेला असतो. इथे आरक्षण म्हणजे तहात सामील होताना त्यातली एखादी तरतूद आपल्यापुरती वगळणे किंवा बदलणे, आणि व्हिएन्ना करार म्हणजे तहांविषयीचे नियम सांगणारा करार. ते कलम चौथ्या उपकलमापर्यंत वाचले, तर पहिले वाक्य तिथेच खोटे ठरते.

हे एका प्रश्नावर पाहू. तहाच्या कलम १२ नुसार वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे जातात आणि आरक्षणांबद्दल तह काहीच सांगत नाही. ‘क’ देश कलम १२ वगळून सामील होतो. आधीपासून सदस्य असलेला ‘ख’ नुसती हरकत नोंदवतो, ‘ग’ हरकतीसोबत “आपल्या दोघांत तह लागू नाही” असे स्पष्ट कळवतो आणि ‘घ’ सूचना मिळाल्यावर चौदाव्या महिन्यात हरकत घेतो.

उत्तराची सुरुवात हरकतींपासून करू नये. आधी व्हिएन्ना कराराचे कलम १९ लावून हे आरक्षण तहाच्या उद्दिष्ट-हेतूशी विसंगत आहे का, हे ठरवावे. ही कसोटी १९५१ च्या वंशसंहारविषयक सल्लामतातून आली आहे, आणि न्यायालयाचा अधिकार नाकारणारे आरक्षण एवढ्यानेच विसंगत ठरत नाही, असे न्यायालयाने २००६ मध्ये काँगो विरुद्ध रवांडा प्रकरणात मानले.

त्यानंतर प्रत्येक जोडी वेगळी घ्यावी. बहुतेक उत्तरे इथेच फसतात, कारण विद्यार्थी सगळ्या देशांना मिळून एकच निष्कर्ष लिहितात. क-ख मध्ये तह लागू आहे, फक्त आरक्षणापुरते कलम १२ गळते. क-ग मध्ये तह लागू नाही, पण तो नुसत्या हरकतीमुळे नव्हे, तर ‘ग’ने विरुद्ध इरादा निःसंदिग्धपणे कळवल्यामुळे. ‘घ’ने बारा महिन्यांची मुदत चुकवली, म्हणून त्याने आरक्षण स्वीकारले असे धरले जाते आणि क-घ मध्येही कलम १२ वगळून तह चालतो, ‘क’ने ‘घ’विरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तर ‘घ’लाही तेच आरक्षण पुढे करता येते.

विधानाचा दुसरा भाग आरक्षण मागे घेणे आणि तहातून माघार घेणे यांची गल्लत करतो. व्हिएन्ना कराराच्या कलम २२ व २३ नुसार, तहात वेगळे काही नसेल, तर ‘क’ आपले आरक्षण कोणाच्याही संमतीशिवाय केव्हाही लेखी मागे घेऊ शकतो, आणि ‘ख’ला सूचना मिळाली की त्या दोघांत कलम १२ लागू होते. ‘ग’चा विरोध केवळ आरक्षणापोटी होता, तर त्याच्याशीही तह सुरू होतो. तहातून माघार मात्र कलम ५४ आणि ५६ चा विषय आहे: तह मौन असेल, तर माघारीची मुभा पक्षांच्या हेतूतून किंवा तहाच्या स्वरूपातून दाखवावी लागते, किमान बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि कलम ७० मुळे माघारीआधी निर्माण झालेले हक्क व दायित्वे टिकून राहतात.