‘वकिलाच्या नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर नाही दिलं तर सगळं मान्य केलं असं धरतात, खरं का? आजच सविस्तर लिहून टाकू?’

नाही. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. त्यातली मुदत बहुतेक वेळा समोरच्यानेच घातलेली असते. अपवाद न वटलेल्या चेकचा: तिथे नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायचे १५ दिवस कायद्यानेच मोजले जातात, तेव्हा वकील त्याच दिवशी गाठा. गप्प बसणंही बरं नाही, कोर्टात ते विरोधात दाखवता येतं. पण घाईत लिहिलेलं त्याहून महागात पडतं.

शुक्रवार पेठेतला एक छापखाना घ्या. कागदवाल्याचं बिल दोन वर्षं दहा महिने जुनं, मालाबद्दल वाद. मालकाने सही करून लिहिलं, ‘अडचण होती, पुढच्या महिन्यात निम्मे देतो.’ झालं! देणं लेखी कबूल, आणि मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे दावा लावायची संपत आलेली तीन वर्षं त्या सहीपासून पुन्हा सुरू.

लिहायचं होतं एवढंच:

‘आपली अमुक तारखेची नोटीस आम्हांला अमुक तारखेस मिळाली. त्यातील मजकूर आम्ही मान्य करीत नाही. आमचे सर्व हक्क राखून कळवतो की, सविस्तर उत्तर आमचे वकील देतील.’

‘तूर्त’, ‘गैरसमज’, ‘दिलगीर’ काही नको. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. नोटिशीचं पाकीटही फेकू नका, तारीख त्यावरच असते. आणि कागदवाल्याला व्हॉट्सअॅपवर ‘बघतो हो’ म्हणू नका, तेही लेखीच.