रंग तसाच राहतो हो, वास जातो

"कॉफी म्हणजे काय दूध आहे का, तीन दिवसांत नासायला? आमच्याकडे अर्धा किलोचं पाकीट महिनाभर चालतं. रंग आणि कडूपणा शेवटपर्यंत पहिल्या दिवसासारखाच. पाकिटावर मुदतही कित्येक महिन्यांची असते. परभणीत बसून कॉफीचं ज्ञान पाजळू नये. फोटोही धूसर आहे." — एक वाचक, लातूर

नमस्कार. दळलेल्या कॉफीचा वास तीन दिवसांत जातो, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया. जशी आली तशी ठेवली आहे, 'पाजळू'सकट. एक गोष्ट आधीच मान्य करतो: 'तीन दिवस' मी जरा ताणून लिहिलं. फरक चौथ्या-पाचव्या दिवशी जाणवायला लागतो आणि आठवड्यात कुणालाही कळतो. पण 'नासणे' हा शब्द माझ्या लेखात कुठेच नाही. शिळ्या कॉफीनं कुणी आजारी पडत नाही, ती बेचव होते एवढंच.

राहिलं परभणीचं. वडील बँकेत होते, बदलीनं आम्ही चार वर्षं हुबळीत काढली. दर शनिवारी आई मला शंभर ग्रॅम पूड आणायला पाठवायची, एकदम पाव किलो कधीच नाही. तेव्हा वाटायचं, पैशाची ओढ असेल. ती वासाची काळजी होती, हे फार उशिरा कळलं. तेव्हा गावावरून कुणाची लायकी काढण्याआधी जरा विचारायचं तरी.

आता तुमचा रंग आणि कडूपणा. हे दोन्ही टिकतात, यात वादच नाही, कारण ते उडून जाणारे पदार्थ नाहीत. उडतो तो वास. बी भाजताना तिच्यात कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो आणि सुगंधी तेलंही आतच राहतात. अख्खी बी हे सगळं आठवडे-आठवडे धरून ठेवते. दळली की एका बीचे शेकडो कण होतात, प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा लागते. वायू झपाट्यानं निघून जातो, वास त्याच्यामागे जातो आणि उरलेल्या तेलाला हवेनं खवट झाक येते. जुन्या शेंगदाण्याच्या कुटाला येते तशीच.

त्यात तुमच्या पाकिटात चिकोरी असणार. नियमानं मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी, म्हणजे जवळजवळ अर्धी चिकोरी चालते. ती भाजलेल्या मुळाची पूड. रंग गडद देते, कडूपणा देते, दाटपणाही देते. म्हणजे महिनाअखेरीस तुम्ही ज्याला 'पहिल्या दिवसासारखं' म्हणता, त्यातलं बरंचसं चिकोरीचं काम असतं. मुदतीचं म्हणाल तर ती बंद पाकिटाची. कात्री लागली की तिचा संबंध संपला.

विश्वास नसेल तर मी केलं ते करा. भाजलेल्या बिया आणल्या, शंभर ग्रॅम लगेच दळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या, बाकीच्या तशाच बंद. आठव्या दिवशी दोन वाट्यांत दोन-दोन चमचे घेतले: एकीत डब्यातली पूड, दुसरीत त्याच वेळी दळलेली. वरून गरम पाणी ओतलं. ताजी फुगली, बुडबुड्यांचा फेस वर आला. डब्यातली चिखलासारखी बसून राहिली. दोन्ही एकाच दिवशी भाजलेल्या होत्या, रंगात काडीचाही फरक नव्हता!

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच: बिया कधी भाजल्या? 'ताज्याच आहेत' हे उत्तर नव्हे, तारीख विचारा. मग चिकोरी किती टक्के. आणि समोर दळून द्या म्हणा, पण आधी चक्कीतून काय गेलं तेही विचारा. मी हे एकदा विसरलो. संभाजीनगरच्या एका दुकानातून बिनचिकोरीची म्हणून आणली. घरी गार पाण्यात चिमूट टाकली तर काही कण लगेच बुडाले आणि मागे तपकिरी रेघा सोडत गेले. चिकोरीच ती, आधीच्या गिऱ्हाइकाची चक्कीत उरलेली. कॉफी बराच वेळ वर तरंगते. तेव्हापासून पहिली मूठभर पूड बाजूला काढायला सांगतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

फिल्टरसाठी पूड बारीक रव्याहून थोडी बारीक हवी, पण मैद्यासारखी नको. चिमटीत चोळून बघा, कण लागले पाहिजेत. फार बारीक झाली तर भोकं तुंबतात आणि डिकॉक्शन तासभर थेंब-थेंब पडत राहतं. फार जाड झाली तर पाणी चार-पाच मिनिटांत भसकन खाली येतं, फिकट. पंधरा-वीस मिनिटं लागली की जमलं.

आणि किती घ्यायची? तुमच्याकडे अर्धा किलो महिनाभर म्हणजे रोज सतरा ग्रॅमच्या आसपास. सव्वाशे ग्रॅम घ्या, आठवडाभर पुरेल. फ्रीजमध्ये ठेवू नका, रोज उघडताना गार पुडीवर दमट हवेचं पाणी बसतं.

फोटो धूसर नाही. ती वाफ आहे.