आरएसीचे पैसे "आपोआप" परत येत नाहीत

"*सर्वांनी लक्ष द्या* आरएसी म्हणजे वेटिंगच, रिझर्वेशनच्या डब्यात चढलात तर दंड होतो. आरएसीवाले गेले नाहीत तर गाडी सुटल्यावर पैसे आपोआप खात्यात येतात, काही करावं लागत नाही. एकाच तिकिटावर काही कन्फर्म काही आरएसी असतील तर कॅन्सल करू नका, कन्फर्मवाल्यांचे सगळे पैसे बुडतात. अर्ध्या सीटवर प्रवास केला तर अर्धं भाडं परत मिळतं. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा."

हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी वाचून सोडून दिला होता, पण आता सोडवत नाही कारण माझ्या मावशीने तो खरा धरला. चौघांचं एकच ई-तिकीट, स्लीपरचं, दोघं कन्फर्म आणि दोघं आरएसी. निघायच्या दिवशी संध्याकाळी काकांना ताप भरला, जाणं रद्द झालं, आणि मावशी निवांत राहिली की गाडी गेली की पैसे येतील. आले नाहीत, येणारही नाहीत. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

पैशांचंच आधी, कारण नुकसान तिथे होतं. आपोआप पैसे परत येतात ते फक्त अशा ई-तिकिटाचे ज्यावरचे सगळेच्या सगळे प्रवासी चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्ये राहिले. ते तिकीट सिस्टीम स्वतःच रद्द करते, नावं चार्टमध्ये येत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक हेच कुठेतरी ऐकलं आणि आरएसीला चिकटवून दिलं. आरएसीवाल्याचं नाव चार्टमध्ये असतं, त्याला बसायला जागा दिलेली असते, त्यामुळे रेल्वेच्या दृष्टीने तो प्रवास करू शकत होता. तो आला नाही तर तो त्याचा प्रश्न. २०१५ पासून लागू असलेल्या रिफंडच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलंय, आरएसी तिकीट गाडी सुटायच्या ठरलेल्या वेळेआधी तीस मिनिटांपर्यंत रद्द करायचं, माणशी साठ रुपये कापून बाकीचे मिळतात (एसीला त्यावर जीएसटी), आणि ती तीस मिनिटांची वेळ गेली की काहीच मिळत नाही.

आता ते "कन्फर्मवाल्यांचे पैसे बुडतात" वालं. हे वाचून मला खरंच राग आला, कारण नियम बरोबर उलटा आहे आणि तो प्रवाशाच्या फायद्याचा आहे. त्याच नियमांत म्हटलंय की एका तिकिटावर काही जण कन्फर्म आणि काही आरएसी किंवा वेटिंग असतील, आणि *सगळ्यांचं* तिकीट एकत्र रद्द केलं किंवा सगळ्यांसाठी ऑनलाइन टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरला, तोही सुटायच्या तीस मिनिटं आधीपर्यंत, तर कन्फर्मवाल्यांनासुद्धा फक्त ते साठ रुपयेच कापून पूर्ण भाडं परत मिळतं. म्हणजे एरवी कन्फर्म तिकीट शेवटच्या काही तासांत रद्द केलं तर हाती काही लागत नाही, पण सोबत एक जरी आरएसी असेल तर सगळं कुटुंब वाचतं.

मावशीचाच हिशेब करू. सोपं पडावं म्हणून माणशी भाडं ५०० धरा, चौघांचे २०००. गाडी रात्री दहाची. साडेनऊच्या आत चौघांसाठी टीडीआर भरला असता तर चार गुणिले साठ म्हणजे २४० कापून १७६० परत मिळायला हवे होते (बुकिंगच्या वेळचा कन्व्हिनियन्स चार्ज तेवढा परत येत नाही). मेसेजवर विश्वास ठेवला म्हणून शून्य.

टीडीआर का म्हणते, तर चार्ट लागल्यावर ई-तिकीट नेहमीच्या कॅन्सल बटणाने रद्द होत नाही. लोक तिथे बटण दाबतात, होत नाही, आणि समजतात की संपलं. संपलेलं नसतं. ज्या आयडीने तिकीट काढलं त्यानेच आयआरसीटीसीवर लॉगिन करायचं, आपल्या बुकिंगमध्ये File TDR उघडायचं, सगळ्या प्रवाशांवर टिक करायची, आणि कारणांच्या यादीतून तिकीट अर्धवट कन्फर्म होतं आणि कोणीच प्रवास केला नाही अशा अर्थाचं कारण निवडायचं. दोघांवरच टिक केली तर "सगळ्यांचं" ही अट मोडते. आणि टीडीआर म्हणजे अर्ज असतो, रेल्वे तपासते मग पैसे येतात, त्याला बरेच आठवडे जाऊ शकतात, दुसऱ्या दिवशी खातं बघून घाबरू नका.

एक खाच मात्र आहे, ती नीट लक्षात घ्या. हे सगळं आजच्या स्टेटसवर चालतं, तिकीट काढताना काय होतं त्यावर नाही. पीएनआर टाकल्यावर Booking Status मध्ये RAC दिसेल पण Current Status मध्ये चौघांपुढे CNF आलं असेल तर तुमचं तिकीट आता पूर्ण कन्फर्म आहे आणि त्याला कन्फर्मचीच कपात लागते. चार्ट लागताना आरएसी कन्फर्म होणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे जायचं नाही हे नक्की असेल तर चार्टची वाट बघत बसू नका, आधीच रद्द करा, तेव्हा साधं कॅन्सल बटणही चालतं.

डब्यात चढलं तर दंड, हे साफ खोटं. आरएसी हे वैध तिकीट आहे, डबा आणि नंबर दोन्ही लिहून येतं.

अर्ध्या भाड्याबद्दल थोडं मान्य करायला लागेल. पूर्ण बर्थचे पैसे घेऊन अर्धा बर्थ देणं हा अन्याय आहे हे मलाही वाटतं, आणि संसदेच्या लोकलेखा समितीनेही चार्टनंतर पूर्ण बर्थ न मिळालेल्यांना भाड्याचा काही भाग परत द्यायची शिफारस केलेली आहे. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे. बसून प्रवास करून आल्यावर अर्धे पैसे मागायला गेलात तर मिळणार नाहीत.

आणि अर्धा बर्थ म्हणजे नक्की काय ते आईवडिलांना पाठवण्याआधी माहीत असू द्या. साइड लोअर मधून दुमडून दोन सीट होतात, दोन अनोळखी माणसं समोरासमोर, दिवसा साइड अप्परवालाही तिथेच बसायला उतरतो. रात्री दोघांनी पाय आखडून पडायचं नाहीतर पाळी लावायची, गुडघे दुखणाऱ्याला हे झेपत नाही. एसीत आता आरएसीच्या प्रत्येकाला वेगळा पूर्ण बेडरोल द्यायचा आदेश आहे, तो मागून घ्या, पण पाय पसरायला जागा त्याने वाढत नाही. जागा वाढते ती कोणी आला नाही तर. टीटीईच्या हातातल्या मशीनमध्ये न आलेल्यांची नोंद झाली की रिकामे बर्थ आरएसीच्या क्रमाने द्यायचे असतात, म्हणून गाडी सुटल्यावर झोपेचं सोंग घेऊ नका, टीटीई आला की आपला आरएसी नंबर सांगून विचारा. दोघांपैकी एकाला बर्थ मिळाला तर दुसऱ्याला खालचा पूर्ण मोकळा होतो, पण पुढच्या स्टेशनवर दुसरा आरएसीवाला तिथे येऊ शकतो, तेव्हा त्याच्याशी भांडू नका, त्याचाही तितकाच हक्क आहे.