वांग, सनस्क्रीन आणि दोन बोटांचा हिशेब

“वांगावर सनस्क्रीन म्हणजे पैसे पाण्यात. डाग जातात ते सीरमने. आपल्या सावळ्या त्वचेला निसर्गानेच उन्हापासून संरक्षण दिलंय. लावायचंच असेल तर वाटाण्याएवढं पुरे, तेही उन्हात जाताना.”

असा सल्ला बरेचदा ऐकायला मिळतो. त्यातल्या त्वचेच्या रंगापासून सुरुवात करते. सावळी त्वचा गोऱ्या त्वचेइतकी लवकर भाजत नाही, एवढं यात बरोबर आहे. पण वांग हा भाजण्याचा आजार नाही. त्यात रंग तयार करणाऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त चेतवलेल्या असतात, आणि थोडासा प्रकाशही त्यांना पुन्हा कामाला लावतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश त्वचेवर टाकून पाहिला. गोऱ्या त्वचेवर काही उमटलं नाही, सावळ्या त्वचेवर मात्र काळपटपणा आला आणि तो दोन आठवडे टिकला. म्हणजे भाजण्यापासून वाचवणारा आपला रंगच डागांच्या बाबतीत आपल्याला जास्त हळवं करतो.

सीरमला मी निरुपयोगी म्हणत नाही. हायड्रोक्विनोन, अझेलाइक ॲसिड यांचा उपयोग होतो. पण ही औषधं रंग तयार होण्याचा वेग कमी करतात, आणि रंग तयार करण्याचा हुकूम सूर्यप्रकाश रोज नव्याने देतो. म्हणून रात्री औषध आणि दिवसा उघडा चेहरा असं चाललं की महिनोन्‌महिने जातात आणि डाग तिथेच राहतात. २००७ मध्ये मोरोक्कोतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात वांग फार उठतो, म्हणून तिथल्या गरोदर बायकांना दर दोन तासांनी सनस्क्रीन लावायला दिलं होतं. शेवटपर्यंत टिकलेल्या १८५ जणींपैकी फक्त पाच जणींना नवा वांग आला. त्याच भागात आधी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आढळलं होतं. तुलनेसाठी सनस्क्रीन न लावणारा वेगळा गट त्यात नव्हता, ही त्याची मर्यादा. तरीही फरक दुर्लक्ष करण्याएवढा लहान नाही. सनस्क्रीन स्वतः जुना डाग पुसत नाही. ते नवा रंग भरू देत नाही, आणि मग औषधाला काम करायला वाव मिळतो. त्वचेत खोल गेलेला वांग तेवढ्यानेही पूर्ण जात नाही.

घरात बसल्यावर काय? खिडकीची साधी काच भाजणारे यूव्हीबी किरण जवळजवळ अडवते. यूव्हीए आणि दिसणारा प्रकाश मात्र आत येतात. खिडकीजवळ टेबल असेल किंवा रोज गाडीने लांबचा प्रवास असेल, तर तो उन्हातलाच वेळ धरा. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो, यूव्हीएसाठी पीए+++ किंवा ++++ पाहावं. आणि दिसणारा प्रकाश रोखायला आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे रंगाची छटा असलेलं टिंटेड सनस्क्रीन लागतं. वांग असणाऱ्यांनी साध्याऐवजी हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आता वाटाणा. बहुतेकांचं सनस्क्रीन इथेच फसतं. डब्यावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरला, तर १.२ ग्रॅम झालं. घरी मोजायचं तर तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा; ते चेहरा, कान आणि मानेपुरतं होतं. ट्यूबचं तोंड बारीक असेल तर रेघ जाड काढा.

आपण कमी लावतो का, हे ट्यूबच सांगते. फक्त चेहऱ्याला दिवसातून एकदा १.२ ग्रॅम लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब चाळीसेक दिवसांत संपते. ती सहा महिने पुरत असेल तर रोज जेमतेम पाव ग्रॅम लागतंय, हवं त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. थर पातळ झाला की संरक्षणही साधारण त्याच प्रमाणात घसरतं. एसपीएफ ५० लावूनही चेहऱ्यावर दहा-बाराच उरतो.

एवढं एकदम थापलं की ते पांढरं दिसतं किंवा त्याचे कण सुटतात. म्हणून आधी एक बोट भरून लावा, दोन-तीन मिनिटांनी दुसरं. चोळू नका, थापटत पसरा. वरचा ओठ, कपाळाची केसांजवळची कड आणि गालाची हाडं हमखास सुटतात, आणि वांग नेमका तिथेच उठतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी, घाम पुसला की लगेच पुन्हा लावा. खिडकीपासून दूर दिवसभर घरातच असाल, तर सकाळचा एक नीट थर आणि दुपारी एक बहुधा पुरतो.