विज्ञान म्हणजे आत्माच का? पुनर्जन्माच्या फॉरवर्डला उत्तर

"बुद्धांनी आत्मा नाकारला हे साफ खोटं आहे. आत्माच नसेल तर पुनर्जन्म कोणाचा होतो आणि कर्माचं फळ कोण भोगतं? त्यांनी आत्म्यालाच विज्ञान असं नाव दिलं. जातकांत ते स्वतः म्हणतात की तो राजा मीच होतो. गीतेतलं जुनं वस्त्र टाकून नवं घालणं आणि बौद्धांचा पुनर्जन्म, दोन्ही एकच."

हा मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय आणि दर वेळी लोक खाली "अगदी बरोबर" लिहून पुढे पाठवतात. मला यात राग येण्यासारखं काही वाटत नाही, प्रश्न खरेच चांगले आहेत, पण उत्तरं चुकलेली आहेत आणि त्यात दोन्ही परंपरांचं नुकसान होतंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी विज्ञानाचा मुद्दा घेऊ (इथे विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, जाणीव), कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. गंमत म्हणजे नेमकं हेच मत बुद्धांच्या हयातीत त्यांच्याच एका भिक्खूने मांडलं होतं. बुद्धांच्या प्रवचनांचा पाली संग्रह मज्झिम निकाय, त्यातलं ३८ वं सुत्त, महातण्हासंखय सुत्त, काढून बघा. साति नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, श्रावस्तीला जेतवनात सांगत फिरत होता की मला भगवंतांचा धम्म असा समजलाय की हेच विज्ञान या जन्मातून त्या जन्मात धावतं, फिरतं, दुसरं नाही, तेच. बाकीच्या भिक्खूंनी त्याला खूप समजावलं, अरे असं म्हणू नकोस, पण तो ऐकेना, मग प्रकरण बुद्धांपर्यंत गेलं. बुद्धांनी त्याला सरळ विचारलं, साति, तुझं हे विज्ञान म्हणजे नक्की कोणतं? तो म्हणाला, जे बोलतं, अनुभव घेतं आणि इथे तिथे चांगल्या-वाईट कर्मांचं फळ भोगतं ते. आता फॉरवर्डमधलं वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून बघा, जवळजवळ जुळी आहेत.

बुद्धांनी त्यावर "हो, तुला कळलं" असं म्हटलं नाही. मी असा धम्म कोणाला शिकवल्याचं तुला माहीत आहे, असं विचारून त्याला खडसावलं आणि सांगितलं की कारणांशिवाय विज्ञान उपजतच नाही, हे मी कितीतरी प्रकारे सांगितलंय. डोळा आणि रूप यांच्यामुळे जी जाणीव उठते ती चक्षुर्विज्ञान, कान आणि आवाज यांच्यामुळे उठते ती श्रोत्रविज्ञान, असं करत मनापर्यंत. म्हणजे ज्या कारणाने उपजलं त्या कारणावरूनच त्याची ओळख. आतमध्ये बसून डोळ्यातून बघणारं, मग उठून कानातून ऐकणारं असं एकच कोणीतरी तिथे शिल्लकच राहत नाही. सुत्तात पुढे आहे की साति खांदे पाडून, मान खाली घालून, काही न बोलता बसून राहिला. हे मत खोडण्यासाठी अख्खं सुत्त खर्ची पडलंय, त्यामुळे तेच मत बुद्धांच्या नावावर खपवणं मला फार खटकतं.

इथे कोणी अभ्यासू माणूस म्हणेल की याच सुत्तात पुढे गर्भ राहायला आईवडिलांचा संयोग, आईचा ऋतुकाळ आणि गंधब्ब अशा तीन गोष्टी लागतात असंही आहे, मग हा गंधब्ब कोण? प्रश्न रास्त आहे, आणि यावर बौद्ध संप्रदायांतच मतभेद झाले. थेरवाद म्हणतो मरणाचं शेवटचं चित्त संपलं की लगेच पुढच्या जन्माला जोडणारं प्रतिसंधी-चित्त उपजतं, मध्ये गॅप नाही. सर्वास्तिवादी म्हणतात मध्ये एक अंतराभव, म्हणजे दोन जन्मांमधली अवस्था, असतो. पण दोघांपैकी कोणीही तिथे न बदलणारं काही ठेवत नाही, अंतराभवातलं अस्तित्वसुद्धा क्षणोक्षणी बदलणाऱ्या स्कंधांचंच, म्हणजे शरीर-मनाच्या घटकांचंच. म्हणजे भांडण मध्ये वेळ जातो का यावर आहे, नित्य आत्मा आहे का यावर नाही.

आता वस्त्राच्या दाखल्याकडे येऊ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात २२ वा श्लोक वस्त्रांचा आहे, पण त्याच्या आधी दोनच श्लोक मागे जा, २० व्यात स्वच्छ लिहिलंय की हा जन्मत नाही, मरत नाही, अज आहे, नित्य आहे, शाश्वत आहे, शरीर मारलं तरी मारला जात नाही. वस्त्राचा दाखला लागू पडतो तो यामुळेच, कपडे बदलणारा आधी होता, नंतरही तोच आहे. बरं वेदांतात सुद्धा हा विषय "आत्मा उडून दुसऱ्या देहात जातो" इतका सोपा नाहीये. अद्वैताच्या प्रचलित मांडणीत आत्मा सर्वव्यापी, तो जाणार कुठून आणि कुठे? प्रवास करतं ते सूक्ष्मशरीर, ज्याचे १७ अवयव मोजतात, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. संस्कार वाहून नेतं ते हे, आत्मा फक्त साक्षी. उलट रामानुजांच्या मते जीवात्मा अणुरूप आहे आणि तो खरोखरच जातो-येतो. म्हणजे आत्मवाद्यांतही एकमत नाही, पण स्वरूपाने न बदलणारा "मी" आहे हे या दोघांनाही मान्य आहे.

हे कळलं की फरक नेमका कुठे आहे ते दिसतं. सूक्ष्मशरीर बदलत जातं, वाहत जातं हे वेदांतीही म्हणतो, आणि इथपर्यंत तो बौद्धाच्या बराच जवळ आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण वेदांती म्हणतो या वाहण्याच्या मागे एक साक्षी आहे म्हणून हे वाहणं "एकाचं" आहे. बौद्ध म्हणतो मागे कोणी नाही, वाहणं तेवढं आहे, आणि रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध सोडून तुम्हाला काय सापडतं ते दाखवा.

मग फळ कोण भोगतं? याच प्रश्नावर अचेल कस्सप नावाच्या नग्न साधूने बुद्धांना गाठलं होतं, संयुत्त निकायात ते आहे. दुःख माणूस स्वतः करतो का? बुद्ध म्हणाले असं म्हणू नको. मग दुसऱ्याने केलेलं असतं का? तेही म्हणू नको. कारण करणारा तोच आणि भोगणारा तोच असं म्हटलं की कायम टिकणारं काही मानणारा शाश्वतवाद झाला, करणारा एक आणि भोगणारा भलताच असं म्हटलं की मेल्यावर सगळं तुटतं म्हणणारा उच्छेदवाद झाला, मी दोन्ही टोकांना न जाता मधून धम्म सांगतो, अविद्येमुळे संस्कार, संस्कारांमुळे विज्ञान, अशी साखळी.

हे ऐकायला पळवाट वाटू शकतं म्हणून मिलिंदपञ्हातली केस घ्या. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनांना विचारतो की पुन्हा जन्मतं कोण? नागसेन म्हणतात नामरूप, म्हणजे मन आणि शरीर. हेच नामरूप? नाही, या नामरूपाने बरं-वाईट कर्म होतं आणि त्या कर्मामुळे दुसरं नामरूप जन्माला येतं. राजा लगेच पकडतो, दुसरंच असेल तर मग माणूस पापातून सुटलाच की! त्यावर नागसेन एक खटला मांडतात. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले, मालकाने धरून राजापुढे आणलं, तर चोर म्हणतो महाराज, याने लावले ते आंबे वेगळे आणि मी नेले ते वेगळे, मी गुन्हेगार नाही. आता चोराचं म्हणणं शब्दशः खोटं नाहीये हे लक्षात घ्या, मालकाने जमिनीत घातलेला आंबा कधीच कुजून गेला, झाडावरचा एकही आंबा "तोच" नाही. तरी मिलिंद स्वतः निकाल देतो की चोर दोषी, कारण नंतरचे आंबे आधीच्यामुळेच आले. नागसेन म्हणतात, कर्माचंही तसंच. म्हणजे जबाबदारी ठरवायला "तेच आहे का" हा प्रश्न लागत नाही, "त्याच्यामुळेच आलंय का" हा लागतो, आणि म्हणूनच मधे अगदी काहीही न बदलता टिकून राहिलं पाहिजे अशी अटच उरत नाही. आत्म्याशिवाय कर्मसिद्धांत कोसळतो हा दावा इथे अडतो.

जातकांचा मुद्दा मला थोडक्यात संपवावासा वाटतो. "तो राजा मीच होतो" ही बोलण्याची रीत आहे, बुद्ध "मी" हा शब्द रोजच्या व्यवहारात आपल्यासारखाच वापरायचे. मागचे जन्म आठवणं म्हणजे काय आठवणं, याचं उत्तर त्यांनी खज्जनीय सुत्तात दिलंय, जे कोणी श्रमण-ब्राह्मण आपले पूर्वजन्म आठवतात ते सगळे पाच उपादानस्कंध किंवा त्यातला एखादा आठवतात. माझं रूप असं होतं, माझी वेदना अशी होती, एवढंच. आठवणीत आत्मा सापडला असं कुठे येत नाही.

(बाबासाहेबांनी तर आपल्या धम्मग्रंथात पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा हे दोन प्रश्नच वेगळे करून टाकले, आणि आत्म्याचा पुनर्जन्म स्पष्ट नाकारला. त्यांची मांडणी निकायांपेक्षा बरीच वेगळी आहे, ती स्वतंत्रपणे वाचायला हवी, इथे मी फक्त जुन्या ग्रंथांबद्दल बोलतोय.)

आणि दोन्ही एकच असतं तर ते सगळ्यात आधी शंकराचार्यांना कळलं असतं ना? ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरच्या भाष्यात त्यांनी बौद्ध मतांचं सविस्तर खंडन केलंय, तिथे "अनुस्मृतेश्च" या सूत्रावर त्यांचा सगळ्यात तगडा मुद्दा येतो. काल जे मी पाहिलं तेच आज मला आठवतंय, म्हणजे पाहणारा आणि आठवणारा एकच हवा, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या विज्ञानांना हे कसं जमेल? हा आक्षेप हलका नाही. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी शंकराचार्यांच्या कितीतरी आधी अभिधर्मकोशाच्या नवव्या प्रकरणात हाच आक्षेप घेऊन उत्तर दिलं होतं की आधीच्या चित्ताने ठेवलेल्या संस्कारातून त्याच प्रवाहातलं नंतरचं चित्त उपजतं तीच आठवण, आणि देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला आठवत नाही कारण त्या दोन प्रवाहांत कार्यकारण संबंध नाही. वेदांती इथे परत विचारतो की मग "तोच प्रवाह" हे तरी कशावरून ठरवता? खुद्द बौद्धांतल्या वात्सीपुत्रीयांना हे इतकं टोचलं की त्यांनी स्कंधांहून वेगळाही नाही आणि तोच तोही नाही असा एक पुद्गल, म्हणजे व्यक्ती, मानला, आणि बाकीचे बौद्ध त्यांच्यावर तुटून पडले की हा तुम्ही मागच्या दाराने आत्माच आत घेताय. वसुबंधूंचं ते नववं प्रकरण बरंचसं या आपल्याच माणसांना उत्तर देण्यात गेलंय.