कॅप्शन लिहा, पण कळू देऊ नका

तुमचा रिसर्च पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारे दोघेच: एक तुम्ही आणि दुसरे, नाइलाजाने, तुमचे गाईड. बाकीची जनता शीर्षक बघते, सारांश चाळते आणि थेट आकृत्यांवर उडी मारते. या फुकट्यांना आकृतीखालच्या चार ओळींतच सगळं कळलं, तर तुम्ही घाम गाळून लिहिलेली पानं वाचणार कोण? तेव्हा बंदोबस्त कॅप्शनपासूनच करा.

समजा, तुम्ही सोयाबीनवर कुंड्यांत प्रयोग केलाय. आकृतीत दोन दांडे आहेत, बिनखताची रोपं 34 सेंमी आणि गांडूळखताची 48. खाली लिहा, ‘आकृती 2 : टी1 व टी2 यांचा परिणाम’. बास. टी2 म्हणजे काय, पीक कोणतं, कितव्या दिवशी मोजलं, हे ‘साहित्य व पद्धती’त दिलंय की! जा म्हणावं शोधत.

दांड्याच्या डोक्यावर उभी रेघ असते, ती कशाची हे चुकूनही सांगू नका. खरी गंमत तिच्यातच आहे. 9 रोपांच्या उंचीचं प्रमाण विचलन 12 सेंमी आलं, तर प्रमाण त्रुटी म्हणजे 12 भागिले 9 चं वर्गमूळ, फक्त 4. 95 टक्क्यांचं विश्वासांतर काढलंत तर दोन्ही बाजूंना 9.2. रोपं तीच, आकडे तेच, रेघा मात्र तीन लांबीच्या. 4 ची सगळ्यांत आटोपशीर, तीच काढा. बघणारा तिला विचलन समजला, तर रोपं कशी एकसारखी वाढली म्हणून तोंडात बोट घालेल. त्याचा गैरसमज, तुम्ही कुठे खोटं बोललात?

वर एक तारा चिकटवा. कोणती चाचणी, कशाची कशाशी तुलना, हे ताऱ्यालाच ठाऊक असू द्या.

आता ते 9. खरं तर प्रत्येक गटात कुंड्या 3 आणि कुंडीत रोपं 3. खत कुंडीला घातलं, एकेका रोपाला नाही. म्हणजे स्वतंत्र नमुने 3 च, आणि ती देखणी 4 सेंमीची रेघही लटकी. हे फक्त कॅप्शनमध्ये लिहिलं तरच पकडलं जातं. म्हणून ‘n = 9’ एवढंच लिहा, किंवा तेही नको.

तक्त्याला फार डोकं लावायचं कारण नाही. एककं गाळा आणि काही चौकटींत नुसती ‘–’ टाका. ती शून्य की मोजलंच नाही, यावर लोक चहा पीत वाद घालतील.

काही जण मात्र ऐकतच नाहीत. ते दांड्यांऐवजी ठिपके काढतात आणि खाली लिहितात :

‘आकृती 2. पेरणीनंतर 45 व्या दिवशी गांडूळखताच्या कुंड्यांतली सोयाबीनची रोपं बिनखताच्या रोपांपेक्षा सरासरी 14 सेंमी उंच होती. प्रत्येक ठिपका म्हणजे एका कुंडीतल्या 3 रोपांची सरासरी. प्रत्येक गटात 3 कुंड्या. आडवी रेघ म्हणजे गटाची सरासरी.’

भोगा मग. मजकुराला हात न लावता कुणीही विचारतं, “तीनच कुंड्या?”