बदनामी करा, पण जरा अभ्यास करून

एखाद्याची अब्रू घ्यायची असेल तर आधी माध्यम नीट निवडा. उठसूट पोस्ट टाकून मोकळं होणं हा नवशिकेपणा आहे. परवा आमच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, ‘सहलीच्या वर्गणीतले पैसे खजिनदाराने खाल्ले. हिशेब मागा.’ खजिनदार मीच. गाडीवाल्याचं बिल यायचं होतं, म्हणून हिशेब टाकला नव्हता. तेवढ्यात खाली अंगठे उमटले आणि एकाने ‘मला आधीच वाटलं होतं’ असंही लिहिलं. हेच वाक्य ते चहाच्या वेळी नुसतं बोलले असते, तर मला किती जड गेलं असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून हा मार्गदर्शनपर लेख.

पहिला सल्ला: शक्यतो बोला, लिहू नका. लेखी बदनामी आणि तोंडी बदनामी यांत फरक करणारा कायदा मूळचा इंग्लंडचा. तिथे लेखी, म्हणजे टिकून राहणाऱ्या मजकुराबद्दल दावा लावताना पैशांचं नुकसान वेगळं सिद्ध करावं लागत नाही. तोंडी बदनामीत मात्र ते करावं लागतं: ठरलेलं काम हातचं गेलं, नोकरी गेली, असं मोजता येईल असं काहीतरी दाखवा. लोक टाळायला लागले, एवढ्यावर भागत नाही. 2013 च्या कायद्याने दोन्हीकडे प्रतिष्ठेला गंभीर हानी झाली असावी किंवा होण्याची शक्यता असावी, अशी अटही घातली आहे. म्हणजे अफवा पसरवणाऱ्याला केवढी सवलत! घ्या लाभ.

दुसरा सल्ला: बोलतानाही शब्द जपून वापरा. तुरुंगवास होऊ शकेल असा गुन्हा केल्याचा आरोप केलात किंवा माणूस त्याच्या धंद्याला, पदाला नालायक आहे असं म्हणालात, की तोंडी असूनही ही सवलत संपते. ‘पैसे खाल्ले’ हा सरळ अपहाराचा आरोप झाला. त्याऐवजी ‘त्याच्याशी जरा जपून’ एवढंच म्हणायचं आणि भुवया उंचवायच्या. (अर्थात ऐकणाऱ्याला त्यातून काय कळलं हेही कोर्ट बघतं, पण तुम्ही कशाला तेवढा विचार करताय.)

तिसरा: रेडिओ-टीव्हीवर बोलू नका. ते तिथे लेखीतच धरतात.

चौथा: ‘वाचलं किती जणांनी?’ हा बचाव आवर्जून वापरा. ललित मोदींनी 2010 मध्ये क्रिकेटपटू ख्रिस केर्न्स यांच्यावर ट्विटरवरून सामनेनिश्चितीचा आरोप केला. ते ट्वीट थेट वाचणारे अंदाजे 65 असावेत, असं दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी मान्य केलं. आरोप खरा आहे हे मोदींना सिद्ध करता आलं नाही आणि 2012 मध्ये लंडनच्या कोर्टाने 90,000 पौंड भरपाई ठोठावली. वाचणारे मोजके असले तरी गोष्ट तिथे थांबत नाही, पुढे पसरत जाते, हे कोर्टालाही दिसलं. आमच्या ग्रुपात त्याहून जास्त लोक आहेत, तेव्हा शुभेच्छा.

पाचवा सल्ला: ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणा. ‘असं ऐकलंय’ हेही जोडा. कायद्याला हे दोन्ही अजिबात पटत नाही. ऐकलेली खोटी गोष्ट पुढे सांगणं म्हणजे ती नव्याने प्रसिद्ध करणं. पण म्हणा, म्हणायला हरकत काय? सगळेच म्हणतात. आणि नंतर पोस्ट डिलीट करा, मग कुणी विचारलं तर ‘कुठली पोस्ट?’ म्हणून बघा. समोरच्याने तोवर स्क्रीनशॉट काढलेला असतो, तारीख, वेळ, तुमचं नाव आणि खाली ‘मला आधीच वाटलं होतं’ लिहिणाऱ्याचंही. तोंडी बोलण्याला असा पुरावा नसतो. नेमके शब्द काय होते, कधी बोलले, कुणी ऐकले हे साक्षीदारांकडून मिळवावं लागतं, आणि साक्षीदार तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत ‘मला आठवत नाही’ म्हणतात. बघा, बोलण्याची किती सोय!

आता नेमकी अडचण. भारतात ही सोय फौजदारीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बोललेलं, लिहिलेलं, खुणेने दाखवलेलं, सगळं एकाच माळेत आहे. साधी कैद दोन वर्षांपर्यंत, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. त्यामुळे चहाच्या वेळी बोललं म्हणून सुटलो, असं समजू नका.

अहो, एक फोन करायचा होता! नंबर होता तुमच्याकडे. ‘हिशेब कुठंय?’ एवढं विचारलं असतं तर त्याच दिवशी पाठवला असता. नाही, आधी लिहायचं, मग विचारायचंसुद्धा नाही. आणि हिशेब टाकल्यावर त्याखाली एक अंगठा नाही, एक ओळ नाही. ज्यांनी आरोपाला अंगठे दिले, त्यातला एकजण तरी आला का ‘चूक झाली’ म्हणायला? लाज वाटत नाही? पोस्ट अजून तिथेच आहे. ती काढा, आणि जिथे लिहिलंत तिथेच, सगळ्यांसमोर, खोटं होतं म्हणून लिहा.